बैल दिसते, मंग अमूर्त कसा?

(दृश्य: शाळेची पडवी. बाकावर ओळीनं ठेवलेले लाकडी नंदी. उघड्या चित्रकला वह्या.)

निवेदन:

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. पोळा नुकताच झालाय. तान्ह्या पोळ्याला मुलांनी सजवून मिरवलेले लाकडी नंदी आज चित्रकलेच्या तासाला वर्गात आलेत. नववीच्या मुलांना नंदी पाहून चित्र काढायचंय आणि मग त्या चित्राबद्दल अर्धं पान लिहायचंय, मराठीत.

चित्र भराभर होतं. पेन हातात घेतलं की वर्ग थबकतो. सरांनी फळ्यावर 'अमूर्त' हा शब्द लिहिलाय आणि लाकडी नंदी हे त्याचं उदाहरण म्हणून दिलंय. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहते.

"सर, बैल तं दिसते ना. मंग हा अमूर्त कसा?"

(दृश्य: नंदी जवळून. ठोकळ्यासारखं अंग, वर वळलेली शिंगं, पायांखाली फळी आणि चाकं.)

निवेदन:

प्रश्न बिनतोड आहे. मूर्त म्हणजे ज्याला आकार आहे ते. नंदीला तर आकार आहे, शिंगं आहेत, वशिंड आहे. न्याय, करुणा, भीती यांना अमूर्त म्हटलं की कुणालाच खटकत नाही. चित्रकलेत मात्र या एकाच शब्दावर दोन वेगळ्या गोष्टींचा भार पडतो. एखादी वस्तू समोर ठेवून तिच्यातलं काही गाळत जाणं, ही एक. कुठलीच वस्तू समोर न धरता रंग, पोत आणि अवकाश यांतूनच चित्र उभं करणं, ही दुसरी. 'ॲब्स्ट्रॅक्ट' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली 'ओढून वेगळं काढणं' ही क्रिया आहे. 'अमूर्त'मध्ये ती क्रिया ऐकू येत नाही. म्हणून मूल लिहितं, 'हे चित्र अमूर्त आहे', आणि तिथेच थांबतं.

सरांनी तो शब्द तसाच फळ्यावर राहू दिला आणि शेजारी दोन साधी क्रियापदं लिहिली: गाळलं, राखलं. मुलांना पुन्हा नंदीकडे पाहायला सांगितलं.

(दृश्य: वहीचं पान, मुलीचं अक्षर.)

मुलीचा आवाज:

"सुताराने बैलाचे खूर गाळले. केस गाळले. कातडीच्या घड्या गाळल्या. वशिंड राखले. शिंगे राखली, पण खऱ्यापेक्षा मोठी केली. पायांखाली चाके दिली. वशिंड आणि शिंगे यांच्यामुळे तो बैल वाटतो."

निवेदन:

या परिच्छेदात 'अमूर्त' कुठेही नाही. तरी अमूर्त करण्याची सगळी प्रक्रिया त्यात आली आहे, आणि 'मोठी केली' हे निरीक्षण तर फळ्यावरच्या दोन शब्दांच्याही पुढे गेलंय. कलाकार नुसतं कमी करत नाही, राखलेल्या गोष्टीवर जोरही देतो. आता या प्रक्रियेला नाव द्यायची वेळ आली.

शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमुळे गावोगावच्या मुलांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द पाठ आहेत. त्याच घराण्यातला एक शब्द वर्गात घडला: सारचित्र. वस्तूचं सार राखून काढलेलं चित्र. शब्द नवा असला तरी त्याची घडण ओळखीची आहे, आणि 'सार काढणं' ही क्रियाही सोबत येते.

शब्द झाला, आणि लगेच त्याचा गैरवापरही सुरू झाला. अर्धवट राहिलेलं चित्र दाखवून एकानं सांगितलं, हे सारचित्र आहे. दुसऱ्यानं फक्त दोन शिंगं काढली, वर्गाला ती चंद्रकोर वाटली. मग सरांनी एक कसोटी दिली. चित्रातली एक रेषा बोटानं झाका. काहीच बिघडत नसेल, तर ती रेषा अजून गाळता येईल. झाकताच बैल नाहीसा होत असेल, तर ती राखायची. ज्या चित्रात अशी एकही रेषा सापडत नाही, ते अजून सारचित्र झालेलं नाही. ही कसोटी चोख आहे असं म्हणता येणार नाही, व्यंगचित्रही तिला उतरतं. पण नववीच्या मुलाला लिहायला काहीतरी हाती लागतं: कोणती रेषा झाकली आणि काय झालं.

(दृश्य: कोरा कॅनव्हास. रोलरनं पसरत जाणारा रंग.)

निवेदन:

दुसऱ्या प्रकाराचं काय? त्यासाठी विदर्भातच जन्मलेला चित्रकार आहे. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूर, 1924. रोलर आणि सुरीनं रंगांचे थर देत त्यांनी चित्रं केली. आपल्या चित्रांना ॲब्स्ट्रॅक्ट म्हणणं त्यांना मान्य नव्हतं, ते त्यांना नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. त्यांच्या चित्रासमोर 'काय गाळलं?' हा प्रश्न लागूच पडत नाही, कारण गाळायला आधी कुठली वस्तूच नव्हती. वर्गात अशा चित्राला 'वस्तुनिरपेक्ष' म्हणायचं ठरलं. शब्द जड आहे. पण फोडला की अर्थ हाती येतो, आणि मुलं तो चुकीच्या चित्राला लावत नाहीत.

(दृश्य: जवसाचं शेत, निळी फुलं. नंतर बाभळीच्या खोडावरचा डिंक.)

निवेदन:

माध्यम या शब्दाची अडचण निराळी आहे. तो मुलांच्या फार ओळखीचा आहे. मराठी माध्यम, सेमी माध्यम. चित्राखाली 'माध्यम' लिहायला सांगितलं की ब्रश, कागद, पाणी, रंग, सगळं एका रांगेत येतं. इथे नवा शब्द घडवायची गरज पडली नाही, कामं वाटून दिली की पुरलं. ब्रश हे साधन. कागद हा आधार. जलरंग हे माध्यम. आणि रंगाची पूड कागदाला धरून ठेवतो तो बंधक.

बंधक समजायला गाव सोडावं लागत नाही. जलरंगात पूड डिंकानं धरलेली असते. तो डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडांचा असतो. तैलरंगात तेच काम जवसाचं तेल करतं. हवेतला प्राणवायू घेऊन ते तेल हळूहळू घट्ट होतं आणि त्याचा पापुद्रा बनतो. जलरंगातलं पाणी मात्र उडून जातं. म्हणून वाळलेला जलरंग ओल्या ब्रशनं पुन्हा सुटतो, वाळलेला तैलरंग सुटत नाही. 'माध्यम: जलरंग' एवढ्यावर थांबणारा मुलगा आता पुढे लिहितो, 'त्यामुळे शिंगाची कड मला नंतर मऊ करता आली.'

(दृश्य: स्टुलावर गडवा, दोन कांदे, दुमडलेला रुमाल.)

निवेदन:

कॉम्पोझिशनसाठी रचना आणि संयोजन हे दोन्ही शब्द चालतात, आणि मुलं दोन्ही वापरतात. पण त्यांच्या तोंडी असतो तो मांडणी. वस्तुचित्राच्या तासाला तिथेच गोंधळ होतो. स्टुलावर गडवा आणि कांदे सरांनी ठेवले, ती मांडणी. कागदावर गडवा किती मोठा घ्यायचा, डावीकडे किती जागा सोडायची, ते मुलानं ठरवलं. ती रचना. मांडणी सगळ्या वर्गाला एकच, रचना ज्याची त्याची. हा फरक केला नाही तर 'चित्राची रचना छान आहे' हे वाक्य प्रत्येक वहीत उमटतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

आता वहीत नियम असा आहे: घडवलेला शब्द पहिल्यांदा आला की शेजारी पुस्तकातला शब्द कंसात लिहायचा. सारचित्र (अमूर्त). बाहेरच्या परीक्षकाला वर्गातला शब्द माहीत नसणार, आणि त्यापायी मुलाचे गुण जायला नकोत. अकरावीला गेल्यावर अमूर्तशी गाठ पडेलच.

पर्स्पेक्टिव्हसाठी यथार्थदर्शन की यथादर्शन, हे वर्गानं अजून ठरवलेलं नाही. पुढच्या तासाला सर मुलांना फाट्यापर्यंतच्या सरळ रस्त्यावर नेणार आहेत. रस्त्याच्या कडा आणि विजेचे खांब यांचं चित्र आधी काढायचं, दूर जाताना काय लहान होतं ते आपल्या शब्दांत लिहायचं, आणि मग शब्द निवडायचा.