बटणावरचा शब्द आणि बटणावरचं चित्र

मंडळी, आजच्या विषयात चार बटणं आहेत : माईक, कॅमेरा, चॅट आणि स्क्रीन शेअर. मीटिंगचं अ‍ॅप आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेत उघडलं, तर ही चार बटणं कशी ओळखायची, हा प्रश्न. चारही सांगणार आहे. पण माईकपासून सुरुवात करतो, आणि तिथे मला थोडा वेळ द्या, कारण या एका बटणाबद्दल मला फार दिवस काही सांगायचं आहे.

माझी एक पूर्वीची सहकारी परदेशी नोकरीला गेली. तिथे तिला कामाचा लॅपटॉप मिळाला, तो पूर्ण जपानीत. सेटिंग बदलायची परवानगी तिच्याकडे नव्हती. पहिल्याच आठवड्यात तीसेक जणांची मीटिंग सुरू असताना तिचा मला मेसेज आला, "सर, माझा आवाज जातोय का ते कसं कळेल? माईकच्या बटणाखाली हे लिहिलंय." सोबत फोटो होता. घाईत काढलेला, त्यात फक्त खालची अक्षरं आलेली, वरचं चित्र कापलं गेलेलं. मी फोनमधल्या भाषांतराला तो फोटो दाखवला. उत्तर आलं, "म्यूट". मी तिला लगेच कळवलं, "म्यूट आहे. काळजी करू नकोस."

तिने तेवढ्यात वडिलांना फोन लावला. त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट त्या दिवशी यायचा होता. रिपोर्ट चांगला नव्हता. घरच्या माणसाशी जे बोलायचं ते ती बोलली, आणि ते सगळं तीस जणांनी ऐकलं. मीटिंग चालवणारे गृहस्थ तिला मध्येच काही सांगत होते, पण तेही जपानीत. शेवटी कुणीतरी चॅटमध्ये इंग्रजीत लिहिलं, तेव्हा तिला समजलं. रात्री तिने मला फोन केला. रागावली नाही. एवढंच विचारलं, "सर, तुम्ही तर म्यूट आहे म्हणालात ना?"

भाषांतर बरोबर होतं. तिथे खरोखर 'म्यूट' असंच लिहिलेलं होतं. चूक माझी होती, आणि तीच चूक चांगली जाणती माणसंही करतात. आत्ता इथेच बघू. माईकच्या चित्राखाली 'म्यूट' असं लिहिलेलं आहे. तुमचा माईक चालू की बंद? बंद म्हणणाऱ्यांनी हात वर करा. ... बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत.

माईक चालू आहे. बटणाखालचा शब्द आत्ताची अवस्था सांगत नाही, तर दाबल्यावर काय होईल ते सांगतो. दारावर 'ढकला' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दार उघडं आहे असा आपण घेत नाही. ते आपल्याला करायचं काम आहे. तसंच 'म्यूट' म्हणजे 'दाबलंत तर आवाज बंद करीन'. म्हणजे आत्ता तो चालू आहे. चित्र मात्र याच्या उलट वागतं. चित्र आत्ताची अवस्था दाखवतं : माईकवर तिरकी रेघ असेल तर बंद, रेघ नसेल तर चालू. एकाच बटणावर शब्द पुढचं सांगतो आणि चित्र आत्ताचं. भाषा येत असेल तर सवयीने निभावून जातं. भाषा येत नसेल तर आपण शब्दाचं भाषांतर करत बसतो, आणि नेमके तिथेच फसतो. म्हणून अनोळखी भाषेत माईकच्या बाबतीत शब्द वाचूच नका. रेघ बघा.

तरी जपानीचं उदाहरण जवळून दाखवतो, कारण त्यातून एक गंमत कळते. झूमच्या ज्या आवृत्तीत माईकखाली हा शब्द येतो, तिथे माईक चालू असताना `ミュート` असतं. मोजा, चार अक्षरं. माईक बंद असताना `ミュート解除` असतं, सहा अक्षरं. शेवटची दोन गुंतागुंतीची अक्षरं म्हणजे 'काढून टाकणे', आणि पूर्ण शब्दाचा अर्थ 'म्यूट काढा'. लिपी अजिबात न येणाऱ्यालासुद्धा दिसतं की शब्द लांबला म्हणजे आवाज बंद झाला. हा प्रकार सगळ्या भाषांत चालत नाही, कारण काही भाषांत दोन्ही शब्द सारख्याच लांबीचे असतात. त्यामुळे याच्यावर विसंबू नका. पण फोटो पाठवणाऱ्याने चित्रासकट पाठवला असता, किंवा मी मागून घेतला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

झूममध्ये एक तिसरी अवस्थाही आहे. माईकच्या जागी हेडफोनचं चित्र दिसत असेल, तर तुम्ही आवाजाशी जोडलेलेच नाही आहात. तुम्हाला कुणी ऐकत नाही आणि तुम्हीही कुणाला ऐकत नाही. अशा वेळी स्पीकरचा आवाज वाढवत बसून उपयोग नाही. त्या हेडफोनवर दाबायचं, एक चौकट उघडते, तिच्यातलं मोठं बटण दाबायचं. मग माईक येतो. माईक चालू आहे याची खात्री हवी असेल तर 'हं' असा हलका आवाज काढा. झूममध्ये माईकच्या चित्रात हिरवं पाणी चढल्यासारखं दिसतं. तसं चढलं तर आवाज पोचतो आहे.

गूगल मीटमध्ये रंगाने गोंधळ होतो. माईक बंद केला की ते बटण लाल होतं, आणि मीटिंग सोडायचं बटणही लालच. लाल म्हणजे बाहेर, एवढंच डोक्यात ठेवलंत तर माईक चालू करायला घाबराल. तिथे आकार बघायचा. आडवा पडलेला टेलिफोनचा रिसीव्हर म्हणजे बाहेर जाणं.

आता बटण सापडल्याची खात्री कशी करायची? माझी आवडती युक्ती सांगतो, आणि यासाठीच मी आज आलो आहे असं समजा. माऊस बटणावर नेऊन थांबवा, दाबू नका. एक छोटी पट्टी उगवते. तिच्यात त्या भाषेतलं वाक्य असतं, जे आपल्याला कळत नाही. पण झूम आणि मीट या दोन्हींत त्या वाक्याच्या शेवटी बहुतेक वेळा कंसात कीबोर्डचा शॉर्टकट असतो, आणि तो रोमन अक्षरांत असतो. मीटमध्ये `ctrl + d` दिसलं तर माईक, `ctrl + e` दिसलं तर कॅमेरा. विंडोजवरच्या झूममध्ये `Alt+A` माईक, `Alt+V` कॅमेरा. भोवती लिपी कोणतीही असो, ही अक्षरं तीच राहतात. अरबी किंवा हिब्रूत तर बटणांची सगळी पट्टीच आरशातल्यासारखी उलटते, डावीकडचं उजवीकडे जातं, तेव्हा 'डावीकडून पहिलं बटण' हे पाठांतर कामाला येत नाही. कंसातलं अक्षर येतं.

अर्थात शॉर्टकट माहीत असेल तर बटण शोधायचीही गरज नाही, थेट कळ दाबा. मॅकवरच्या झूममध्ये माईकसाठी `Cmd+Shift+A`, मीटमध्ये `Cmd+D`, आणि विंडोजवरच्या टीम्समध्ये `Ctrl+Shift+M`. मात्र मीटिंगची खिडकी समोर हवी. क्रोममध्ये दुसऱ्याच टॅबवर असताना `Ctrl+D` दाबलंत तर ते पान बुकमार्क होतं. तशी चौकट उघडली तर घाबरू नका, ती बंद करा, मीटच्या टॅबवर परत या आणि पुन्हा दाबा.

एक जाता जाता. फ्रेंच कीबोर्डवर A आणि Q यांच्या जागा उलट असतात. न बघता टाइप करणाऱ्याचं बोट A समजून Q वर पडतं. आणि झूममध्ये `Alt+Q` म्हणजे मीटिंग संपवायची की सोडायची अशी विचारणा, तीही न कळणाऱ्या भाषेत. तेव्हा परक्या लॅपटॉपवर कळ डोळ्यांनी बघून दाबा. विचारणा आलीच तर `Esc` दाबून मागे फिरा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं राहिली आणि तीन बटणं बाकी आहेत. भरभर जातो.

कॅमेरा सोपा आहे, कारण त्याची तपासणी तुमच्याच चौकटीत होते. तुमचा चेहरा दिसतोय तर चालू, नावाची आद्याक्षरं किंवा ठेवलेला फोटो दिसतोय तर बंद. शब्दाचा नियम इथेही तोच. 'व्हिडिओ थांबवा' असं भाषांतर आलं, तर तुम्ही आत्ता दिसत आहात.

चॅट म्हणजे बोलण्याचा फुगा. झूममध्ये `Alt+H` ने ती बाजू उघडते. खरा प्रश्न बटणाचा नाही, आपण लिहितो ते कुणाला जातं याचा आहे. लिहायच्या जागेच्या वर एक छोटी निवड असते. तिथे सगळ्यांसाठी असलेला शब्द त्या भाषेत असतो, पण माणसाच्या नावाचं भाषांतर होत नाही. म्हणून तिथे यादीतलं एखादं ओळखीचं नाव दिसलं, तर तुमचा मेसेज फक्त त्या व्यक्तीला जाणार आहे. पाठवण्याआधी तेवढी एक नजर टाका.

स्क्रीन शेअर. वर जाणारा बाण असलेली चौकट शोधा. झूममध्ये ती बहुधा हिरवी असते, कळ `Alt+S`. दाबल्यावर उघड्या खिडक्यांची छोटी चित्रं येतात, आणि ही चित्रं कुठल्याही भाषेत वाचता येतात. पूर्ण स्क्रीन निवडू नका, नेमकी खिडकी निवडा, कारण थांबवायचं बटण शोधण्यात वेळ गेला तर तेवढा वेळ तुमचं सगळं टेबल लोकांसमोर उघडं राहतं. मीटमध्ये हा निवडीचा तक्ता ब्राउझर दाखवतो, त्यामुळे त्याची भाषा मीटपेक्षा वेगळी असू शकते. शेअर सुरू झालं की झूम त्या खिडकीभोवती रंगीत कड काढतं आणि पट्टी बहुधा खालून वर सरकते. पट्टी नाहीशी झाली असं वाटून लोक गडबडतात. वरच्या बाजूला माऊस न्या, लाल बटण सापडेल, ते थांबवण्याचं. न सापडल्यास पुन्हा `Alt+S`.

वेळ संपली. बाहेरच्या टेबलावर मी एक लॅपटॉप ठेवला आहे, त्यात मीट हिब्रूत लावलेलं आहे आणि मीटिंग सुरू आहे. पट्टी उलटी दिसेल. माऊस नुसता बटणांवर नेऊन थांबवा, कंसातलं अक्षर वाचा, आणि मग माईक बंद करून दाखवा. मी तिथेच उभा आहे.