दीपमाळेची सावली कुठून मोजायची?

देवळासमोरच्या दीपमाळेची उंची वर न चढता मोजायची आहे. दहावीत शिकलेली कोको कसोटी इथे कामाला येते. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर, त्यामुळे एकाच अंगणात पडणारे त्याचे किरण समांतरच धरायचे. शेजारी एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. काठी आणि तिची सावली, दीपमाळ आणि तिची सावली, हे दोन समरूप त्रिकोण झाले.

आता आकडे घेऊ. दुपारी ऊन कलू लागलंय, काठीची सावली ८० सेंटीमीटर आहे. दीपमाळेच्या बुंध्यापासून सावलीच्या टोकापर्यंत टेप लावला, ६.४० मीटर आले. भागा, उत्तर ८ मीटर. हे उत्तर चुकलेलं आहे, आणि कागदावरच्या गणितात काहीच चूक नाही.

कुठे चुकलं? त्रिकोणाची उभी बाजू दीपमाळेच्या शेंड्यापासून सरळ खाली उतरते, म्हणजे बुंध्याच्या मध्यात. आपण टेप धरला बुंध्याच्या कडेला. आतला भाग मोजायचाच राहिला. तळाचा घेर ७.५४ मीटर असेल, तर त्रिज्या १.२० मीटर. खरी सावली ७.६० मीटर, आणि उंची साडेनऊ मीटर. दीड मीटरचा फरक पडला!

ही चूक आपली आपल्याला कशी कळावी? पाऊण-एक तास थांबा आणि पुन्हा मोजा. समजा आता काठीची सावली १२० सेंटीमीटर झाली, आणि कडेपासूनची सावली १०.२० मीटर. भागाकार आला साडेआठ. मघाशी आठ, आता साडेआठ. दीपमाळ काही तासाभरात वाढत नाही, म्हणजे मोजायची जागाच चुकली. मला स्वतःला ही पडताळणी फार आवडते, कारण ती दुरुस्तीही हातात देते. दीपमाळेची सावली ३.८० मीटरने वाढली, काठीची ०.४० मीटरने. या दोन वाढींचा भागाकार करा: बरोबर साडेनऊ. दोन्ही वेळी राहिलेली त्रिज्या वजाबाकीत निघून जाते, घेर मोजायचीही गरज नाही. फक्त बुंधा गोल हवा, कारण मधल्या वेळात सावलीची दिशाही फिरलेली असते.

मोजताना टोकाकडे नीट बघा. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे, म्हणून सावलीची कड हळूहळू विरत जाते. एवढ्या उंचीला ते विरणं पहिल्या मोजणीच्या वेळीच १४-१५ सेंटीमीटर भरतं. त्याचा मध्य धरा, आणि काठीच्या सावलीलाही तसाच. काठीच्या बाबतीत तर जास्तच जपा: तिथे एक सेंटीमीटर जास्त मोजला, तर उंची १२ सेंटीमीटरने कमी येते. दोन्ही टोकांवर दोघांनी एकदमच खुणा करायच्या, टेप मग सावकाश लावा.

वडाच्या झाडाला मात्र ही रीत लावू नका. तिथे सावलीचं टोक शेंड्याचं नसतं, बाजूला पसरलेल्या एखाद्या फांदीचं असतं.