वरच्या कडेवरचे सोनेरी दात

(मोबाईलमधला फोटो, हळूहळू स्क्रीनभर होतो)

हा फोटो नीट बघा, आपली सगळी गोष्ट याच एका फोटोत आहे. कॅबिनेट पलंगावर आडवं टाकलंय, बाजूचं झाकण काढलंय आणि वरून फोटो मारलाय. खाली लिहिलंय, आय-फाइव्ह तिसरी जनरेशन, ८ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, कंडिशन एकदम मस्त. हा फोटो आला नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका मुलीच्या मोबाईलवर. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करतेय, ड्रॉइंगसाठी तिला मशीन पाहिजे होतं आणि बजेट होतं १५ हजार. विकणारा मुलगा नाशिक रोडचा, त्याने मागितले १४.

(एमजी रोडमागची गल्ली, शटर उघडतंय)

पैसे द्यायच्या आधी तिने एक शहाणपण केलं, फोटो घेऊन थेट या दुकानात आली. इथे काका गेली वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतात, टेबलावर कायम दोन-तीन मशिनी उघड्या पडलेल्या. तिने विचारलं, काका, घेऊ का? काका म्हणाले, "थांब गं, आधी फोटो वाचू."

आता फोटो वाचायचा म्हणजे काय ते काकांच्या बोटाकडे बघून समजून घ्या. कॅबिनेट आडवं असलं की मदरबोर्ड जमिनीसारखा सपाट पडतो, आणि त्याच्यात खोचलेल्या रॅमच्या पट्ट्या, ग्राफिक कार्ड, हे सगळं भिंतीसारखं उभं राहतं, म्हणून वरून फोटो काढला की आपल्याला फक्त त्यांची वरची कड दिसते. पट्टीवरचं स्टिकर बाजूला असतं, ते दिसत नाही. कार्डाचा पंखा आणि त्यावरचं नाव पण दिसत नाही. लोक म्हणतात फोटोत काही कळत नाही, पण कड दिसते ना, आणि रिकामा स्लॉट तर पूर्ण दिसतो, काका तिथूनच सुरू करतात.

(फोटोतला रॅमचा रिकामा स्लॉट, क्लोजअप)

हा बघा. दोन स्लॉट आहेत, एकात पट्टी बसलीय, दुसरा रिकामा. रिकाम्या स्लॉटच्या मधे कुठेतरी प्लास्टिकचा एक छोटा उंचवटा दिसतो, पट्टीची खाच याच्यावर बसते. रॅम डीडीआर३ पिढीची असेल तर हा उंचवटा मध्यावर नसतो, चांगला एका बाजूला सरकलेला असतो, म्हणजे स्लॉटच्या लांबीचे पाच सारखे भाग केले तर एका टोकापासून साधारण दुसरा भाग संपतो तिथे. त्याच्या पुढच्या पिढीला, डीडीआर४ला, तो मध्याच्या अगदी जवळ येतो. म्हणून डीडीआर४ची पट्टी डीडीआर३च्या बोर्डात बसतच नाही. जोर लावला तर स्लॉट जातो, काकांच्या कपाटात असे दोन बोर्ड आहेत.

काकांनी काय केलं, फोटो मोठा करून स्क्रीनवर कागदाची पट्टी धरली, पेनाने दोन टोकांच्या खुणा केल्या, उंचवट्याची तिसरी खूण केली आणि कागदाला पाच भागांत घडी घातली. खूण आली दोन भागांच्या जरा पुढे. "फोटो तिरका आहे, कॅमेऱ्याच्या जवळची बाजू लांब दिसते, एवढा फरक पडायचाच," असं म्हणाले. म्हणजे डीडीआर३.

पण काका एका पुराव्यावर थांबत नाहीत, कारण डीडीआर२ची खाच पण मध्याच्या जवळच असते, आणि घाईत बघणारा माणूस जुन्या डीडीआर२ बोर्डाला डीडीआर४ म्हणून मोकळा होतो. म्हणून दुसरी खूण शोधायची, बोर्डावर छापलेलं नाव. इथे बघा, स्लॉटच्या खालच्या रिकाम्या जागेत पांढऱ्या अक्षरात मॉडेल नंबर आहे आणि त्यात H61 एवढं स्पष्ट दिसतंय. एच६१ म्हणजे इंटेलचा दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा चिपसेट, रॅम डीडीआर३, दोन स्लॉटमध्ये मिळून जास्तीत जास्त १६ जीबी. कागदाची घडी आणि बोर्डाचं नाव, दोन्ही एकच सांगतायत.

(कार्डाच्या वरच्या कडेवर कॅमेरा सरकतो)

आता कार्ड. इथे काका गप्प झाले आणि त्यांनी चष्मा काढून मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

कार्डाच्या वरच्या कडेला, मागच्या पत्र्याच्या जवळ, हे बारीक सोनेरी दात दिसतात का? फोटो अजून मोठा करतो. हे. हा एसएलआयचा कनेक्टर, म्हणजे दोन एनव्हीडिया कार्डं एकमेकांना जोडायची जुनी सोय. खऱ्या १०५० टीआयला हे दात नसतात, त्या कार्डाला एसएलआय दिलंच नव्हतं. आणि याच कडेच्या दुसऱ्या टोकाला ६ पिनची वायर लागलेली दिसते. ती एकटी काही सिद्ध करत नाही, कारण १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड आहे, तेवढा करंट स्लॉटमधूनच मिळतो, तरी काही मॉडेलना ६ पिन दिलेली असते. पण दात आणि ६ पिन एकत्र म्हटल्यावर काकांनी मान हलवली, आणि तिला म्हणाले, त्याला अजून दोन फोटो पाठवायला सांग, रॅम काढून तिच्या स्टिकरचा एक आणि कॅबिनेटच्या मागून कार्डाच्या पोर्टचा एक.

आम्हाला या पूर्ण शूटिंगमधली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटते. दोन फोटो मागायला एक पैसा लागत नाही.

(मोबाईलवर दोन नवीन फोटो)

पहिला, स्टिकर. त्यावर लिहिलंय 8GB 2Rx8 PC3-12800U. ही ओळ कशी वाचायची ते काकांनी तिच्याकडून वदवून घेतलं. PC3 म्हणजे डीडीआर३, आपला अंदाज बरोबर. 12800 ला ८ ने भागायचं, १६०० आलं, हा पट्टीचा स्पीड. 2Rx8 म्हणजे पट्टीवर चिपचे दोन गट आहेत आणि प्रत्येक चिप ८ बिटची आहे, ही साधी, सगळीकडे चालणारी रचना. आणि शेवटचं अक्षर U, हे सगळ्यात महत्त्वाचं. U म्हणजे साध्या डेस्कटॉपची पट्टी. तिथे R असतं तर ती सर्व्हरची पट्टी, अशा पट्ट्या जुन्या बाजारात खूप स्वस्त मिळतात, खाच तीच, बसते पण व्यवस्थित, आणि या बोर्डावर मशीन डिस्प्लेच देत नाही. मग माणूस बोर्ड गेला म्हणून बसतो.

म्हणजे रॅम खरी निघाली. एक स्लॉट मोकळा आहे, त्यात अशीच दुसरी ८ जीबीची पट्टी, PC3-12800U, लावली की १६ जीबी होणार, आणि दोन पट्ट्या दोन चॅनलवर, म्हणजे दोन वेगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी चालणार म्हणून प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला पण फायदा.

दुसरा फोटो, पोर्ट. एचडीएमआय आहे, डीव्हीआय आहे, आणि हा निळा, पंधरा भोकांचा, व्हीजीए. काकांनी बोट तिथेच ठेवलं. १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, एनव्हीडियाने त्या पिढीत तो काढून टाकला. १०५० टीआय आलं ऑक्टोबर २०१६ मध्ये, आणि वर दात, मागे निळा व्हीजीए असलेली कार्डं त्याच्या पाच-सहा वर्षं आधीची.

(स्कूटरवर पुढे कॅबिनेट घेऊन मुलगा दुकानासमोर थांबतो)

विकणाऱ्या मुलाला तिने फोनवर सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना, तो म्हणाला मी स्वतः येतो, आणि दुसऱ्याच दिवशी कॅबिनेट घेऊन दुकानात आला.

मशीन चालू केलं. विंडोजमध्ये कार्डाचं नाव दिसतंय जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. मुलगा म्हणाला, काका बघा ना. काकांनी शांतपणे सांगितलं, बाळा, विंडोज स्वतः चिप बघत नाही, कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच भरलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, जे नाव भरलंय ते वाचून दाखवतं, आणि बायोस बदलता येतो. मग त्यांनी जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवला, तो खरी चिप ओळखायला बघतो. हे बघा नावाच्या आधी काय आलं.

[FAKE]

(स्क्रू, पेस्ट, कापूस)

पुढचं काकांनी फक्त त्या मुलाच्या समाधानासाठी केलं. कार्ड बाहेर काढलं, मागचे चार स्क्रू सैल केले, एकदम एकच स्क्रू पूर्ण काढायचा नाही, आळीपाळीने थोडे थोडे, नाहीतर चिपचा कोपरा दाबला जातो. हीटसिंक चिकटलेली होती, ती सरळ ओढली नाही, हलकेच डावी-उजवी फिरवत सोडवली. वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापसाने पुसली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पुसल्यावर टॉर्च तिरका धरला आणि चिपवरची अक्षरं चमकली. सुरुवात GF106 ने. १०५० टीआय असती तर इथे GP107 असतं. जीएफ१०६ म्हणजे जीटीएस ४५० सारख्या, २०१० सालच्या कार्डांची चिप. आजूबाजूच्या मेमरी चिपचे नंबर शोधून बेरीज केली, ती १ जीबी भरली, ४ नाही.

चिप खोटी नाही, कार्ड बंद पण पडलेलं नाही, फक्त नाव दुसऱ्याचं आहे. पण या पिढीला एनव्हीडियाने २०१८ मध्ये नवीन ड्रायव्हर देणं थांबवलं, व्हल्कन नावाच्या नव्या ग्राफिक्स प्रणालीवर चालणारं काही यावर उघडत नाही, आणि कार्डाला १ जीबीपेक्षा जास्त मेमरी लागली की मशीन अडकतं. हा मुलगा सहा महिने गेम क्रॅश होतात म्हणून विंडोज पुन्हा पुन्हा टाकत होता.

(मुलाचा चेहरा. आवाज नाही.)

हिशोब लवकर झाला. कार्ड त्याने परत नेलं, मशीन कार्डाशिवाय तिने ७ हजारांना घेतलं, आणि ज्याच्याकडून त्याने कार्ड घेतलं होतं त्याचा फोन लागला नाही.

मशीन घेण्यासारखं होतं का, हे तिने काकांना स्पष्ट विचारलं, आणि काकांनी पण स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या जनरेशनचं आहे, विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही, विंडोज १०चे अपडेट ऑक्टोबर २०२५ ला बंद झालेत, त्यामुळे यात महागडं कार्ड घालून पैसे अडकवू नको. टू-डी ड्रॉइंगला प्रोसेसरच्या आतले ग्राफिक्स पुरतील. पुढे गरज वाटलीच तर खरं १०५० टीआय, आणि त्याहून जास्त नाही. आत्ता फक्त रॅम.

(पट्टी, जवळून)

काकांनी ड्रॉवरमधून दुसरी पट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. तिने आधी स्टिकर वाचलं, बोट ठेवून, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग स्लॉटची क्लिप उघडली, खाच उंचवट्यावर धरली, दोन अंगठ्यांनी दोन्ही टोकं दाबली. टक. क्लिप आपोआप वर आली.

(स्क्रीनवर: 16.0 GB)