थांबलेल्या गाडीच्या पलीकडून

(एका जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी गाडी थांबवायची असते, हे तुम्हाला सांगायला मी आलेलो नाही. ते सगळ्यांना माहीत असतं. आज मला बोलायचंय ते त्या अपघाताबद्दल, जो एक चालक नियम पाळून थांबल्यावर घडतो. सिग्नल नसलेलं झेब्रा क्रॉसिंग, एकाच दिशेला दोन लेन. डावीकडच्या लेनमधला चालक थांबतो. चालणारा पट्ट्यांवर उतरतो, थांबलेल्या गाडीच्या पुढून जातो, तिच्या आडून बाहेर येतो आणि उजव्या लेनमधून आलेली दुसरी गाडी त्याला उडवते. दुसरा चालक नंतर म्हणतो, "तो अचानक समोर आला." बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच दिसलेलं नसतं. पण का दिसलं नाही, हे समजून घेतलं की दोष कुठे होता ते कळतं.

हा प्रसंग आपण मोजून पाहू. आकडे थोडेच आहेत. एक लेन साडेतीन मीटर रुंद धरा आणि गाड्या आपापल्या लेनच्या मधोमध. थांबलेली गाडी उंच आहे, व्हॅन किंवा बस, म्हणजे तिच्या आरपार काही दिसत नाही. तिचं नाक पट्ट्यांपासून फक्त एक मीटरवर आहे. झेब्रा तीन मीटर रुंद आहे आणि माणूस त्याच्या मधोमध चालतोय, म्हणजे तो गाडीच्या नाकापासून अडीच मीटर पुढे. त्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास, साधी चाल. दुसरी गाडी ताशी 50 किलोमीटरने येतेय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर.

आता दुसऱ्या चालकाच्या डोळ्यापासून थांबलेल्या व्हॅनच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला लागून एक सरळ रेघ ओढा. त्या रेघेच्या डावीकडचं सगळं त्याच्यासाठी झाकलेलं आहे. रेघ काढून पाहिली तर कळतं की चालणारा माणूस जवळजवळ कोपऱ्याशी येईपर्यंत दिसतच नाही. जेमतेम एक वीत आधी दिसतो. तिथून दुसऱ्या गाडीच्या वाटेत यायला त्याला पावणेदोन सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी 24 मीटर कापते. आणि या वेगात थांबायला लागतात साधारण 35 मीटर: दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 21 मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत आणखी 14. म्हणजे ब्रेकला उरतो पाव सेकंद. धडक जवळपास पूर्ण वेगानेच बसते. चालक कितीही सावध, कितीही तरबेज असला तरी या गणितात त्याला जागाच नाही.

आता एकच गोष्ट बदला. व्हॅन पट्ट्यांपासून एक मीटरवर न थांबता दहा मीटरवर थांबली. बाकी सगळं तेच. तीच रेघ पुन्हा ओढा. आता माणूस व्हॅनच्या कोपऱ्याच्या रेषेत यायच्या चांगला सव्वा मीटर आधीच दिसायला लागतो. त्याच्याकडे आणि चालकाकडे मिळून अडीच सेकंदांहून थोडा जास्त वेळ येतो, आणि गाडी तेवढ्यात 35 मीटरच्या आसपास जाते. थांबायलाही तेवढंच अंतर लागतं. काठावर पास, पण पास. शिवाय माणसालाही गाडी दिसते, तो पाऊल मागे घेऊ शकतो. एकानेही वेग कमी केलेला नाही, कायदा बदललेला नाही. फक्त पहिली गाडी नऊ मीटर मागे उभी राहिली.

म्हणूनच काही देशांत सिग्नल नसलेल्या, अनेक लेनच्या झेब्रापाशी थांबण्याची रेघ पट्ट्यांना खेटून न मारता बरीच मागे मारतात. अमेरिकेच्या रस्ता-खुणांच्या नियमांत ही रेघ 6 ते 15 मीटर मागे असावी असं आहे. ब्रिटनमध्ये झेब्राचे पट्टे 1951 मध्ये कायद्यात आले, पण क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना नागमोडी पांढऱ्या रेघा आल्या त्या 1971 मध्ये. त्या रेघांमध्ये गाडी उभी करायची नाही आणि क्रॉसिंगच्या सगळ्यांत जवळ असलेल्या गाडीला ओलांडून पुढे जायचं नाही. पट्टे नुसते रंगवून भागत नाही, त्यांच्या आजूबाजूची जागाही मोकळी ठेवावी लागते, हे त्यात मान्य केलेलं आहे.

आणि इथेच दुसऱ्या चालकाची जबाबदारी स्पष्ट होते. 1968 च्या व्हिएन्ना कराराच्या रस्ता-वाहतूक नियमांत दोन गोष्टी आहेत. झेब्राकडे येणाऱ्या किंवा झेब्राच्या लगेच आधी थांबलेल्या गाडीला ओलांडायचं असेल, तर पट्ट्यांवर माणूस दिसल्यास तिथल्या तिथे थांबता येईल इतक्याच वेगाने ओलांडायचं. आणि झेब्रा वापरणाऱ्याला किंवा वापरू पाहणाऱ्याला धोका होणार नाही इतका वेग ठेवायचा, गरज पडली तर थांबायचं. "वापरू पाहणाऱ्याला" हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. फुटपाथच्या कडेला उभा राहून रस्त्याकडे बघणारा माणूस त्यात येतो. त्याने आधी धोका पत्करून पाऊल टाकावं आणि मग आपण थांबावं, अशी अपेक्षा त्यात नाही.

तर "अचानक समोर आला" या वाक्याला माझं उत्तर हे आहे: माणूस दिसला नसेल, पण झेब्राशी थांबलेली गाडी दिसली होती ना? बाजूच्या लेनमधली गाडी झेब्राजवळ थांबलीय किंवा मंद झालीय, म्हणजे तिच्यापुढे कोणीतरी चालतंय असं धरूनच पुढे जायचं. ताशी 30 वर आलात तर थांबायला 35 ऐवजी 18 मीटरच लागतात, जवळजवळ निम्मे.

आता फुटपाथकडे वळतो, कारण तो याच गोष्टीचा भाग आहे. झेब्रा हा फुटपाथचा रस्त्यावरून जाणारा तुकडा आहे. फुटपाथच्या कडेला झेब्रापाशीच गाडी लावली, तर ती दिवसभर न हलणारी व्हॅन होते, आणि वरची नजरेची रेघ पहिल्या लेनसाठीही तशीच लागू होते. लहान मूल साध्या मोटारीच्या बॉनेटमागेही झाकलं जातं. मोटार उंच नाही म्हणून चालेल, हे मोठ्या माणसापुरतंच खरं. चाकखुर्चीतल्या माणसाची नजरही त्याच उंचीवर असते. यावर चांगला उपाय म्हणजे झेब्रापाशी फुटपाथ पार्किंगच्या पट्ट्याइतका पुढे काढणं. मग तिथे गाडी लागूच शकत नाही, चालणारा थांबलेल्या गाड्यांच्या रांगेच्या पुढे उभा राहतो आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं.

एक मनाचा चांगुलपणा मात्र मला इथे नको आहे. थांबलेला चालक हात हलवून "या, या" म्हणतो. त्याला आपली लेन माहीत आहे, शेजारची नाही. शेजारच्या लेनची हमी तो देऊ शकत नाही.

शेवटी एका श्रोत्याने विचारलं, "मग चालणाऱ्याने काय करायचं? मीच का जपायचं?" प्रश्न रास्त आहे. जबाबदारी चालकाचीच आहे, पण हाड तुमचं मोडतं. थांबलेल्या गाडीपुढून जाताना तिच्या पलीकडच्या कडेशी एक क्षण थांबा, मान पुढे काढून शेजारच्या लेनमध्ये बघा, तिथली गाडी खरंच थांबलीय हे दिसलं की मगच पाऊल टाका. तिथे थांबणं तुमच्या हक्काविरुद्ध नाही, आणि तुम्ही थांबलात म्हणून चालकाची चूक कमी होत नाही.