स्टेअरिंगवरून टेबलावर : ड्रायव्हरचा बायोडेटा
(कळंबोलीत वाहनचालकांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, सुपरवायझरच्या जागेसाठी माझ्या टेबलावर जे बायोडेटा येतात, त्यांतल्या बहुतेकांत एकच ओळ असते : 'हेवी ड्रायव्हिंगचा १४ वर्षांचा अनुभव.' ती वाचून मला एवढंच कळतं, की हा माणूस ड्रायव्हर आहे. मला पाहिजे तो दहा गाड्या सांभाळणारा. ते काम तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी केलेलं असतं, पण कागदावर येत नाही.

एका ट्रेलरवाल्याचं उदाहरण सांगतो. न्हावा शेवा ते भिवंडी, कंटेनरची लाईन. त्यानं लिहिलं होतं, 'एकही अपघात नाही.' मी विचारलं, किती किलोमीटरमध्ये? गप्प बसला. मग खिशातून डायरी काढली. ऑइलचे डाग पडलेली, भत्त्याच्या हिशेबासाठी ठेवलेली. तिच्यात प्रत्येक फेरीची तारीख होती. महिन्याला सरासरी २० फेऱ्या, जाऊन-येऊन साधारण १४० किलोमीटर, म्हणजे महिन्याला २८०० आणि वर्षाला ३३ हजारांच्या वर. सहा वर्षांचे झाले दोन लाख. आता ओळ अशी झाली : 'सहा वर्षांत सुमारे २ लाख किलोमीटर, रस्त्यावर अपघात नाही, यार्डात रिव्हर्स घेताना एकदा मागचा दिवा फुटला.'

तो दिवा लिहायला तो तयार नव्हता. मी म्हटलं, लिही. मालकाला फोन केला की ते कळणारच आहे, आणि लपवलेलं निघालं तर बाकीच्या दोन लाखांवरही कोण विश्वास ठेवणार? पुढे त्यानंच जोडलं की त्यानंतर क्लीनर खाली उतरल्याशिवाय गाडी मागे घेतली नाही. मला त्या वाक्यात सुपरवायझर दिसला.

ई-चलनाचंही तसंच. चलन गाडीच्या नंबरावर फाटतं आणि एका गाडीवर दोन-तीन ड्रायव्हर बदलतात. म्हणून 'चलन नाही' असं ठोकून देऊ नका. गाडीच्या नंबरावरून यादी काढा, तारखा डायरीशी जुळवा आणि आपल्या हातून झालेली तेवढी सांगा.

लायसन्सबद्दल थोडक्यात. '२०१५ पासून हेवी' एवढ्यानं भागत नाही, मला मुदत कधी संपते ते पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांसाठी मिळतं. धोकादायक मालाचं तीन वर्षांसाठी, आणि नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण असतं. केमिकलच्या गाड्या असलेला मालक हे आधी बघतो. लायसन्सचा पूर्ण नंबर आणि जन्मतारीख मात्र बायोडेटात टाकू नका. तो कागद व्हॉट्सअॅपवर कुठवर फिरेल याचा नेम नाही. मुलाखतीला प्रत घेऊन जा.

आता रूट. 'न्हावा शेवा, भिवंडी, नाशिक, पुणे' ही गावांची यादी झाली. सुपरवायझरला गिऱ्हाईकाला वेळ सांगावी लागते. आपल्या माणसानं लिहिलं : 'शिळफाटा-मुंब्रा बायपास मार्गावर ठाणे हद्दीतल्या अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा धरून गाडी किती वाजता सोडायची ते ठरवत असे.' या वेळा बदलत असतात, म्हणून आकडा लिहू नका, पण त्यांचा विचार करता हे लिहा. कसारा, बोर घाट येत असतील तर भरलेली गाडी उतरवण्याचा अनुभव वेगळा लिहा. तिथे ब्रेक किती तापतात हे ज्यानं अनुभवलंय, तो नव्या पोराला उतरताना गिअरमध्ये राहायला सांगेल.

माणसं सांभाळण्याचं बघू. तो म्हणाला, 'साहेब, मी कुणाचा साहेब नव्हतो.' मी विचारलं, कंटेनर यार्डाच्या गेटवर तुझ्या मालकाच्या चार गाड्या अडकल्या तर कोण बोलायचं? 'मीच. एकाचा कागद चुकला असेल तर त्याला बाजूला लावून मागच्याला पुढे घ्यायचो, मालकाला फोन करायचो.' आणि रात्री ब्रेकडाऊन झालं तर? 'मिस्त्री बोलवायचो, दुसरी गाडी मिळाली तर माल तिच्यात बदलायचो.' हे सगळं बायोडेटात आलं, दोन वाक्यांत. 'उत्तम नेतृत्वगुण' असं त्याच्या भाच्यानं टाइप केलं होतं, ते मी खोडलं.

शिक्षण नववी, तसंच लिहिलं. कॉम्प्युटरच्या रकान्यात त्यानं 'एक्सेल येतं' लिहिलेलं. दहा मिनिटांत उघडं पडलं असतं. बदललं : 'मोबाईलवर रोजची ट्रिप शीट भरतो; फॉर्म्युले येत नाहीत.'

मुलाखतीत मालकानं पाच गाड्यांच्या पासिंग, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या तारखा समोर टाकल्या आणि विचारलं, उद्या कुठली गाडी बाहेर काढायची नाही? एकीची पीयूसी त्या दिवशीच संपत होती. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं, आणि दुसरीकडे दाखवून म्हणाला, 'हिचं पासिंग परवा संपतंय, लांबच्या फेरीवर पाठवू नका, परतीच्या वाटेत धरतील.'