गोळी, पत्रा आणि वजन: युरोपातलं चिलखत का संपलं

[दृश्य: कड्यांच्या गंजलेल्या टोपीत अडकलेली कवटी, अगदी जवळून]

बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचं बेट आहे. तिथल्या विस्बी शहराबाहेर २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार चालून आला. त्याला अडवायला बेटावरचे शेतकरी उभे राहिले. शहराने मात्र वेशीचे दरवाजे बंद ठेवले, आणि तटाबाहेर त्या शेतकऱ्यांची कत्तल झाली. दिवस ऐन उन्हाळ्याचे. प्रेतं सडायच्या आत पुरायची घाई होती, त्यामुळे बऱ्याच जणांच्या अंगावरचं चिलखत न उतरवताच त्यांना खड्ड्यांत टाकलं गेलं. एरवी मेलेल्या शिपायाचं लोखंड कुणी मातीत जाऊ देत नसे. विसाव्या शतकात हे खड्डे उकरले, तेव्हा हाडांबरोबर चिलखतंही हाती लागली.

त्या खड्ड्यांत दोन काळ एकत्र पुरलेले होते. डोक्यावर जुन्या पद्धतीच्या कड्यांच्या टोप्या, आणि काहींच्या छातीवर कापडाच्या किंवा चामड्याच्या आत रिव्हेटने बसवलेले लोखंडी पत्रे. कड्यांकडून पत्र्याकडे जाणारं चिलखत त्या दिवशी अर्ध्या वाटेवर होतं.

[दृश्य: तारेच्या कड्या, चिमटा, छोटा हातोडा]

आधी कड्यांचं चिलखत कसं बनायचं ते पाहू. लोखंडाची तार सळईभोवती गुंडाळायची, मग ती कापून सुट्या कड्या करायच्या. प्रत्येक कडीची टोकं एकमेकांवर आणून चपटी ठोकायची, त्यांत भोक पाडायचं आणि बारीकसा रिव्हेट मारून ती बंद करायची. त्याआधी ती कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवलेली असली पाहिजे. गुडघ्यापर्यंतच्या एका अंगरख्याला अशा हजारो कड्या लागत, आणि वजन दहा किलोच्या पुढे जाई. ते बहुतेक सगळं खांद्यांवर लटके. कंबरेला पट्टा आवळला की थोडा भार कंबर घेई, एवढाच काय तो आराम.

तलवारीची धार अशा चिलखतावर सहसा चालत नाही. प्रतापगडाच्या भेटीत शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली होतं ते चिलखतच, आणि अफझलखानाच्या कट्यारीचा वार त्यावरच निभावला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कड्या लवचीक असतात. गदेचा किंवा जड कुऱ्हाडीचा तडाखा बसला तर एकही कडी न तुटता आतलं हाड मोडू शकतं. म्हणून खाली गोधडीसारखा शिवलेला जाड अंगरखा घालावाच लागे. दुसरी अडचण टोकदार हत्याराची. अरुंद, लांब टोकाचा बाण एका कडीत घुसतो आणि आपला सगळा जोर त्या एका रिव्हेटवर टाकतो. रिव्हेट उघडला की वाट मोकळी.

विस्बीच्या हाडांवर बहुतेक घाव पायांवर आहेत. जिथे संरक्षण नव्हतं किंवा कमी होतं, तिथेच मारणाऱ्याने मारलं. पुढच्या तीनशे वर्षांत चिलखत बनवणारा आणि मारणारा यांच्यात हाच खेळ चालू राहिला.

[दृश्य: पाण्याच्या चाकावर चालणारा मोठा घण, लालभडक पत्रा]

सुरुवात गुडघे, नडग्या आणि कोपरांपासून झाली. तिथे पत्र्याचे तुकडे आले. मग छातीवर विस्बीत सापडले तसे, आतून बसवलेले पत्रे आले. आणि १४०० च्या सुमारास छाती झाकणारा एकच मोठा, घडवलेला पत्रा रूढ होऊ लागला. इतका उशीर का? तेवढा मोठा, एकजीव लोखंडाचा गोळा मिळणंच आधी दुरापास्त होतं. भट्ट्या मोठ्या झाल्या, पाण्याच्या चाकावर चालणारे घण आले, तेव्हा कुठे मिलान, आउग्सबुर्ग, न्यूर्नबेर्गच्या कारागिरांना ते जमलं. कड्यांच्या चिलखतात खर्च मजुरीचा होता. पत्र्याच्या चिलखतात खरा प्रश्न चांगल्या धातूचा होता, आणि तो सुटल्यावर त्याच कष्टात पत्र्याचा पोशाख कड्यांपेक्षा लवकर तयार होऊ लागला.

पत्र्याची ताकद त्याच्या आकारात आहे. छातीचा पत्रा मधोमध फुगवटा देऊन घडवत, म्हणजे भाल्याचं टोक त्यावर सरळ न रुतता घसरून बाजूला जाई. जाडीही सगळीकडे सारखी नसे. मध्ये दोन-अडीच मिलिमीटर, कडेला त्याहून कमी, हातापायांवर एक-दीड मिलिमीटर. जिथे मार जास्त तिथे लोखंड जास्त, हा हिशोब हातोड्याच्या प्रत्येक ठोक्यात होता. चांगले कारागीर पोलाद वापरत आणि त्याला पाणी देत. तापवलेला पत्रा झटकन थंड केला की तो कडक होतो, पण ठिसूळही होतो. मग पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. जरा चूक झाली की महिन्याभराच्या कामाला तडा. मला या कारागिरांचं सर्वांत मोठं कसब इथेच दिसतं.

सांध्यांवर पत्र्याच्या अरुंद पट्ट्या एकीवर एक बसवत. त्या चामड्याच्या पट्ट्यांवर आणि लांबट भोकात सरकणाऱ्या रिव्हेटवर जोडलेल्या असत, त्यामुळे कोपर, खांदा, गुडघा वळे. जिथे पत्रा बसवणं शक्यच नव्हतं, म्हणजे काखेत आणि जांघेत, तिथे कड्या शेवटपर्यंत टिकल्या. लढाईच्या पूर्ण पोशाखाचं वजन वीस ते पंचवीस किलो भरे आणि ते सगळ्या अंगावर वाटलेलं असे. असा माणूस स्वतः घोड्यावर चढे, पळे, पडला तर उठे. सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवत ही गोष्ट खोटी आहे. खेळातल्या झुंजीसाठी याहून बरीच जड चिलखतं होती, गैरसमजाला त्यांनीही हातभार लावला असावा.

[दृश्य: पॅव्हियाजवळची झाडी, सकाळचं धुकं]

आता बंदूक. ती अचानक उगवली नाही. पत्र्याचं चिलखत आणि हातातली बंदूक पंधराव्या शतकात बरोबरीनेच वाढले. मोठा धक्का बसला तो २४ फेब्रुवारी १५२५ ला, इटलीतल्या पॅव्हियात. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आपल्या उत्तम चिलखतधारी घोडदळासह लढत होता. त्याचा शत्रू, पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स, याच्या सैन्यातल्या स्पॅनिश बंदूकवाल्यांनी झाडांच्या आडोशाने गोळ्या चालवल्या. फ्रान्सचे अनेक बडे सरदार पडले, राजाचा घोडा मारला गेला आणि राजा स्वतः कैद झाला.

हा फरक आकड्यांत पाहा. जोरदार धनुष्यातून सुटलेल्या बाणाची ऊर्जा सुमारे शंभर ज्यूल. त्या काळच्या हलक्या बंदुकीची हजाराच्या आसपास, आणि पुढे आलेल्या जड मस्केटची दोन हजारांच्याही वर. कारागिराच्या बाजूने एक गोष्ट होती. पत्र्याची जाडी दुप्पट केली की तो भेदायला ऊर्जा दुप्पट नव्हे, जवळपास तिप्पट लागते. शिवाय शिशाची गोळी गोल आणि मऊ. पत्र्यावर आदळली की चेपते, अंतर वाढलं की वेगही झपाट्याने गमावते. त्यामुळे जाड पत्रा गोळी खरोखर अडवू शके.

आणि त्यांनी तेच केलं. पत्रा तयार झाला की कारागीर त्यावर स्वतःच पिस्तूल किंवा मस्केट झाडत. गोळी आत गेली नाही, फक्त खळगा पडला, तर तो खळगा तसाच ठेवत. गिऱ्हाइकासाठी तीच खात्री. सतराव्या शतकातल्या घोडेस्वारांच्या छातीच्या पत्र्यांवर हे खळगे आजही बोटाने चाचपता येतात.

पण जाडी वाढवायची म्हणजे वजन वाढणारच. छातीचा पत्रा पाच-सहा मिलिमीटरवर गेला तर एकट्या त्या तुकड्याचंच ओझं दुपटीच्या वर. तोच न्याय हातापायांना लावला तर माणूस हलणारच नाही. फ्रेंच सेनानी ला नू याने १५८७ मध्येच तक्रार केली होती की, गोळीच्या भीतीने लोक चिलखत नव्हे तर ऐरणी अंगावर वागवतात, आणि पस्तिशीतच त्यांचे खांदे निकामी होतात. शिवाय एवढ्या जाड पत्र्याला नीट पाणी देणं अवघड. मग मऊ लोखंडच जाड करून वापरू लागले. ज्या कसबाने पत्रा पातळ राहून मजबूत होत होता, तेच आता मागे पडलं.

म्हणून निवड करावी लागली. डोकं आणि छाती वाचवा, पाय सोडा. गुडघ्याखाली पत्रा गेला आणि चामड्याचे उंच बूट आले.

[दृश्य: इंग्लंडमधली राउंडवे डाउनची टेकडी]

१३ जुलै १६४३. इंग्लंडच्या यादवी युद्धात संसदेच्या बाजूने सर आर्थर हॅसलरिगची पलटण मैदानात आली. तिचे स्वार गुडघ्यापर्यंत पत्र्यात होते. लोक त्यांना शेवंड म्हणत, कवचाच्या त्या रांगांमुळे. राजाच्या बाजूचा रिचर्ड अ‍ॅटकिन्स हॅसलरिगला भिडला. पिस्तूल डोक्याला टेकवून झाडलं, गोळीने शिरस्त्राण भेदलं नाही. तलवार चालवली, तीही लागेना. शेवटी त्याने घोड्यालाच भोसकलं. राजा चार्ल्सला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, याच्याजवळ तटबंदी आहे तशी रसदही असती, तर याने सात वर्षांचा वेढा सोसला असता.

हॅसलरिग जिवंत राहिला. त्याच्या चिलखताने आपलं काम चोख केलं. पण त्याच टेकडीवर त्याची पलटण फुटली आणि संसदेचं सैन्य उधळलं गेलं. एका माणसाला गोळीपासून वाचवण्यात घातलेला पैसा आणि लोखंड लढाई जिंकून देत नव्हतं. त्याच पैशात बरेच साधे शिपाई मस्केटसह उभे राहत, आणि त्यांना बार भरायला शिकवायला सरदाराचा मुलगा घडवण्याइतकी वर्षं लागत नसत. सैन्यं मोठी होत गेली, कूच लांबत गेल्या, आणि शिपाई वाटेतच ओझं टाकू लागले. १७०० उजाडेपर्यंत बहुतेक पायदळाच्या अंगावर पत्र्याचा तुकडाही उरला नव्हता.

[दृश्य: पॅरिसच्या लष्करी संग्रहालयातला छातीचा पत्रा]

घोडदळातल्या काही पलटणींनी मात्र छातीचा पत्रा सोडला नाही. वॉटर्लूच्या १८१५ च्या लढाईत पडलेल्या फोव्हो नावाच्या तरुण फ्रेंच स्वाराचं चिलखत पॅरिसला आहे. उजव्या बाजूला तोफगोळ्याचं भोक, आणि तसंच पाठीच्या पत्र्यातही. फ्रेंच घोडेस्वार १९१४ मध्येसुद्धा छातीवर पत्रा बांधूनच निघाले, फक्त चमकू नये म्हणून त्यावर कापड चढवलं होतं. पुढच्याच वर्षी फ्रान्सने सैनिकांना पोलादी टोप दिले. पत्र्याची जाडी ०.७ मिलिमीटर, कारण तो रायफलच्या गोळीसाठी नव्हताच. वरून पडणाऱ्या तोफगोळ्यांच्या किरचा थांबवायला तेवढा पुरे होता.