हप्ता दरवर्षी वाढत जाणार असेल तर व्याज किती होतं?

नमस्कार मंडळी, नुकतीच नोकरी लागलीय, आज पगार बेताचा आहे पण पुढे वाढेल अशी खात्री आहे, अशांसाठी कर्जाचा एक प्रकार असतो, स्टेप-अप ईएमआय, म्हणजे सुरुवातीला हप्ता कमी आणि मग दरवर्षी थोडा थोडा जास्त. ऐकायला छानच वाटतं, पण पहिला हप्ता किती ठेवला यावर सगळा खेळ आहे.

समजा 10 लाखांचं गृहकर्ज आहे, व्याज 10 टक्के, मुदत 20 वर्षं. साधा, कायम एकच हप्ता घेतला तर तो येतो 9,650 च्या आसपास आणि एकूण व्याज जातं साधारण 13 लाख 16 हजार. आता हप्ता दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढवायचा आणि कर्ज बरोबर 20 वर्षांतच संपवायचं म्हटलं तर सुरुवात होते फक्त 6,826 पासून, महिन्याला जवळपास 2,800 ची सुटका, मस्त ना? पण थांबा, 10 लाखांवर पहिल्याच महिन्याचं व्याज 8,333 होतं. म्हणजे तुमच्या हप्त्यातून व्याजसुद्धा पूर्ण फिटत नाही, मुद्दल तर लांबच, आणि उरलेले दीड हजार मुद्दलात जमा होतात आणि मग त्यांच्यावरही व्याज चढतं. असं करत करत सहाव्या वर्षाच्या शेवटी तुमच्या डोक्यावर जवळजवळ 10 लाख 69 हजार असतात, हप्ते एकही न चुकवता! मूळच्या 10 लाखांच्या खाली यायला अकरावं वर्ष उजाडतं, मध्येच घर विकायची वेळ आली तर घेतलं त्यापेक्षा जास्त द्यावं लागेल. शेवटच्या वर्षी हप्ता 17 हजारांच्या पुढे आणि एकूण व्याज 17 लाख 8 हजार. बँकेने दर वाढवलेला नाही हं, दर तोच आहे, फक्त पैसे जास्त काळ तुमच्याकडे राहिले.

आता हेच 5 टक्के वाढीचं गणित पहिला हप्ता 8,400 धरून करा, म्हणजे व्याजापेक्षा जेमतेम वर. कर्ज साडेचौदा वर्षांच्या आतच फिटतं आणि व्याज जातं साडेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे साध्या हप्त्यापेक्षाही कमी. 6,826 च्या हप्त्याच्या मानाने सुरुवातीला महिन्याला दीड हजार जास्त काढावे लागतात, एवढंच.

माझं मत विचाराल तर पहिला हप्ता व्याजाच्या खाली जाऊच देऊ नका, कारण पगारवाढ एखाद्या वर्षी अडली तरी हप्ता वाढायचा थांबत नाही. आणि सही करण्याआधी बँकेकडून परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक मागून घ्या, त्यात शिल्लक मुद्दलाचा कॉलम असतो, बाराव्या महिन्यासमोरचा आकडा बघा, तो कर्जाच्या रकमेपेक्षा मोठा दिसला तर पहिला हप्ता वाढवून नवीन वेळापत्रक काढून द्या म्हणून सांगा.